बायकोसाठी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कविता

>> पंचवीस वर्षं झाली लग्नाला, कविता लिहायला बसलोय पण साथ-हात, प्रीत-रीत याच्यापुढे गाडी जात नाही

कारण तुम्ही यमक आधी शोधताय. आधी घरातला एक प्रसंग पकडा, मग अष्टाक्षरीत बसवा, म्हणजे ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं. मी बायकोला लिहिलेलं:

चष्मा कुठे? विचारतो
पंचवीस वर्षं झाली
'डोक्यावरच आहे की!'
हसू तुझ्या त्याच गाली

आधी शेवटी 'गेली' होतं, पण झाली-गेली मध्ये नुसता 'ली' जुळतो, आधीचा स्वर नाही, म्हणून वाचताना कानाला तोकडं लागत होतं. 'गाली' टाकल्यावर आ पण जुळला. (तिने आधी चष्म्याबद्दलच तक्रार केली, ते वेगळं.) मोठ्याने वाचून बघा, अडखळलात की तिथलं अक्षर मोजा.