पहिलाच दिवस, जिनिंगवर 'माल बघून घे' एवढंच सांगितलं. साहेबांना नेमकं काय विचारू?

कापूसवाला_नवीन (दुपारी १:२०)

मंडळी, जरा घाईत लिहितोय. धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगवर आजच रुजू झालो. नाव देत नाही. बी.एस्सी. झालंय, ही पहिलीच नोकरी. घरी कापूस आहे म्हणून हे काम जमेल असं वाटलं होतं.

सकाळी ९ वाजता सुपरवायझर साहेबांनी हातात ओलावा मोजायचं मीटर दिलं आणि चालता चालता म्हणाले, "गेटवर माल येईल तो बघून घे. ओला असेल तो बाजूला काढ. संध्याकाळी रिपोर्ट दे." आणि प्रेसकडे गेले. मी 'हो साहेब' म्हणालो. तिथंच चुकलं.

१० च्या सुमारास एक पिकअप आली, साधारण २४ क्विंटल. पाच ठिकाणी मीटर लावलं: ९, ८, १०, ९ आणि मागच्या बाजूला खाली १४. सरासरी काढली तर १०. घेतली आत. तासाभराने साहेब आले, खालचा कापूस मुठीत दाबून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कसं खाली केलं?"

मग पुढच्या ट्रॅक्टरवर ११ आलं तर मी गाडी थांबवली. शेतकरी नाना भडकले, मागे गाड्यांची रांग लागली. साहेब पुन्हा आले, "याला का अडवलं?"

१४ घेतलं तर चूक, ११ अडवलं तरी चूक. आता जेवणाची सुट्टी आहे, ३ वाजता साहेब मोकळे असतात. काय विचारू, आणि पहिल्याच दिवशी बावळट न दिसता कसं विचारू?

---

खान्देशी_भाऊ (१:३४)

भो, पहिल्या दिवशी जास्त तोंड उघडू नको. दोन दिवस जुन्या माणसांच्या मागे फिर, ते काय करतात ते बघ. आपोआप कळतं. मी एमआयडीसीत लागलो तेव्हा आठवडाभर फक्त बघितलं. लगेच प्रश्न विचारणाऱ्याला लोक म्हणतात, याला काहीच येत नाही.

---

बोदवडचा_शेतकरी (१:४१)

ओलाव्याचं साधं आहे. सीसीआयला ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातून १ टक्का कमी. १२ च्या वर घेतच नाहीत. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता, म्हणजे १० टक्के ओलावा असेल तर ७,९४७ रुपये ८० पैसे. हे साहेबांना विचारायची गरजच नाही. आणि त्या नानांना ११ ला अडवलंस ते चुकीचंच केलंस, आमची पण माणसं तासन् तास उभी राहतात तिथे.

---

कापूसवाला_नवीन (१:४६)

दादा, ही खासगी खरेदी आहे, सीसीआयचं केंद्र नाही. म्हणूनच आकडा कोणता धरायचा ते कळेना. नानांचं मात्र खरं आहे, माझ्यामुळे ते अर्धा तास उन्हात उभे राहिले.

---

जुना_जिनर (१:५८)

२२ हंगाम जिनिंगवर काढले, म्हणून लिहितो.

खान्देशी भाऊ, बघून हात बसतो, हे बरोबर. पण हद्द कुठे आहे ते बघून कळत नाही. जुना माणूस १२ ची गाडी घेतो आणि १३ ची परत पाठवतो, तेव्हा तुला फक्त एक गाडी आत आणि एक बाहेर दिसते. मधली रेघ त्याच्या डोक्यात असते.

पोरा, तुला सरासरीने फसवलं. ओल्या कापसाचा त्रास सरासरीने होत नाही. २४ क्विंटलमध्ये २ क्विंटल १४ चा असला, तर ढिगात तेवढीच जागा तापते. तिथली रुई पिवळी पडते, आणि मशीनवर तो कापूस रोलरला गुंडाळतो. बाकीचा माल कोरडा असून उपयोग नाही. वर कोरडं आणि खाली ओलं हे नेहमीचं आहे. कधी दवाचा माल असतो, कधी वजनासाठी मुद्दाम पाणी मारलेलं असतं. त्यामुळे साहेबांना पहिला प्रश्न असा विचार: "साहेब, पाच ठिकाणचे आकडे आले तर सरासरी धरायची, की सगळ्यात जास्तवाला?"

तुझं मीटर कुठल्या खुणेवर आहे तेही विचार. कापसाची खूण वेगळी आणि रुईची वेगळी असते. आणि सैल कापसात घातलं तर आकडा कमी दाखवतं, दाबून घातलं तर वाढतो. तुझा ११ आणि साहेबांचा ११ एक आहे का, हे बघायचं असेल तर एकाच गाडीवर दोघांनी मोजायचं. "एक गाडी माझ्यासमोर मोजून दाखवाल का?" यात बावळट काही नाही.

---

केळीवाली_ताई_रावेर (२:०७)

माझं क्षेत्र वेगळं आहे, पॅकहाऊस. पण पहिल्या दिवशी मला पण असंच सांगितलं होतं, "बारीक केळी काढून टाक." बारीक म्हणजे किती? मी घड समोर ठेवून म्हटलं, "दादा, यातली एक ठेवायची दाखवा, एक काढायची दाखवा, आणि एक अशी दाखवा जिथे तुम्हाला पण विचार करावा लागतो." ती तिसरीच कामाला आली. पहिल्या दोन तर कोणालाही कळतात. ती फणी मी टेबलाच्या कडेला ठेवली आणि दिवसभर तिच्याशी लावून बघत होते.

तुला पण तसंच करता येईल. जी गाडी साहेबांना पण अवघड वाटेल, तिच्यासाठी थांब.

(आमच्याकडचे दादा चांगले होते हं, सगळीकडे असे नसतात.)

---

अमळनेरचा (२:१५)

जिनर आप्पा, सगळं खरं. पण साहेब म्हणाले, "तू बघ ना रे, तुला कशाला ठेवलंय?" तर? मी दोन ठिकाणी अनुभवलंय. काही सुपरवायझर मुद्दाम मोघम बोलतात. चुकलं की नाव खालच्याचं.

---

जुना_जिनर (२:२३)

असे असतात, नाही म्हणत नाही. म्हणून 'काय करू?' असं कधी विचारायचं नाही. त्याचं उत्तर 'तू बघ' असंच येतं. आपला निर्णय पुढे ठेवायचा आणि त्यावर हो-नाही घ्यायचं: "साहेब, मी १२ पर्यंत आत घेतो. एका जरी ठिकाणी १२ च्या वर गेलं, तर गाडी खाली करायच्या आधी तुम्हाला फोन करतो. चालेल?" माणसाला प्रश्नाचं उत्तर शोधायचा कंटाळा येतो, पण दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करायला आवडतं. '१२ नाही, ११ धर' असं पटकन तोंडातून निघतं.

आणि पोरा, 'बाजूला काढ' याचा अर्थ तू लावू नको. त्याचे तीन अर्थ होतात. गाडी परत पाठव, खाली करून वेगळा ढीग लाव, किंवा कटती लावून आत घे. तिन्हींत शेतकऱ्याचा आणि शेठचा पैसा वेगवेगळा होतो.

---

खान्देशी_भाऊ (२:२८)

हे पटलं आप्पा. पण गेटवर रांग असताना विचारशील तर शिव्या खाशील, एवढं लक्षात ठेव.

---

केळीवाली_ताई_रावेर (२:३१)

आणि रिपोर्टचं राहिलं. कालचा रिपोर्ट मागून घे. वेगळं काही विचारायची गरज नाही, "कालचं रजिस्टर बघू का?" एवढंच. त्यात रकाने असतील ते भर. रजिस्टर नसेल तर विचार की वाचणार कोण आहे.

---

कापूसवाला_नवीन (रात्री ८:५०)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

३ ला साहेब चहाला बसले होते, रांग नव्हती. मी वहीत चारच गोष्टी लिहून नेल्या होत्या. आप्पांनी सांगितलेलं १२ चं वाक्य बोललो. साहेब म्हणाले, "सरासरीच्या भानगडीत पडू नको. खालचं आणि मधलं बघ, वरचं वाऱ्यानं वाळलेलंच असतं. जास्तवाला आकडा धर." मीटर मी सैल धरत होतो. त्यांनी एक गाडी मोजून दाखवली, माझा ९ तिथे त्यांचा १०.५ आला. म्हणजे सकाळच्या त्या पिकअपमध्ये १४ सुद्धा खरं तर जास्त असणार.

खरा घोळ 'बाजूला काढ' मध्ये होता. मी समजत होतो परत पाठवायचं. त्यांचा अर्थ होता की १२ च्या वरचा माल खाली करून काँक्रीटच्या पटांगणावर पसरायचा, आणि वाळला की आधी तोच जिनला लावायचा, ढिगात घालायचाच नाही. परत फक्त पाणी मारलेली गाडी जाते, आणि ते साहेब स्वतः ठरवतात. त्यामुळे ११ च्या नानांना अडवायचं काही कारणच नव्हतं. उद्या ते आले तर माफी मागेन.

रिपोर्टसाठी मी दुपारी कोष्टक आखायला बसलो होतो. रजिस्टरमध्ये तीनच रकाने निघाले: गाड्या किती, पटांगणावर ओला माल किती क्विंटल, आणि कोणता ढीग कुठे. शेठ सकाळी तेवढंच बघून जिन कुठल्या मालावर चालू करायचा ते सांगतात. माझं कोष्टक वहीतच राहिलं.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. ओल्या मालाची कटती किती, आणि ती शेतकऱ्याला कोणी सांगायची? मी विचारलं, साहेब हसले आणि म्हणाले, "ते काट्यावरचे बघतील." काट्यावरच्या मुनीमजींना विचारलं तर ते म्हणाले, "गेटवर आकडा तू काढतोस ना?" उद्या पुन्हा एखादे नाना माझ्याच अंगावर येणार.

---

अमळनेरचा (९:०४)

बघ, म्हटलं होतं ना.

---

जुना_जिनर (९:२०)

कटती गेटवर बोलू नको. तू आकडा चिठ्ठीवर लिही, सही कर, चिठ्ठी गाडीसोबत काट्यावर जाऊ दे. तोंडी आकडा सांगितलास की रात्रीपर्यंत तो बदललेला असतो, आणि बदलला कोणी ते सापडत नाही. पण मुनीमजी ती चिठ्ठी मानतील का, हे साहेब आणि मुनीमजी दोघे समोरासमोर असतानाच विचार. एकेकाला वेगळं विचारलंस तर आजच्यासारखंच होईल.

---

बोदवडचा_शेतकरी (९:३१)

आणि चिठ्ठीची एक प्रत शेतकऱ्याला पण द्या. आम्हाला पण कळू द्या कितीचा आकडा लागला ते.

---

कापूसवाला_नवीन (९:३६)

दादा, हे उद्या विचारतो. देऊ देतील की नाही ते सांगता येत नाही.