घागरीत ग्लास भरू नका

“सामान हलवताना पितळेच्या घागरीतच काचेचे ग्लास भरले तर जागा वाचेल ना?”

जागा वाचते, ग्लास वाचत नाहीत. पुण्याहून गुवाहाटीला जाताना आम्ही घागरीत सहा कोंबले होते, चार फुटले. पितळ दबत नाही, ट्रकचा धक्का थेट काचेला बसतो. काचेचं खोकं वेगळंच करा: तळाशी चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर, ग्लास उभे, बशाही कडेवर उभ्या. खोकं हलवून बघा, आत खुळखुळलं तर अजून कागद कोंबा.

पितळेचं दुखणं निराळं, ओल. चिंचेने घासलेली समई ओलसरच प्लास्टिकमध्ये गुंडाळली, की आट्यांत राहिलेल्या पाण्याने हिरवट डाग धरतात. तिचे भाग सुटे करून दिवसभर उन्हात वाळवा आणि जुन्या सुती धोतरात गुंडाळा.