बिनतारण कर्ज, मग माझं जुनं कार्ड का उकरतात?

सावंतवाडीची कोकमवाली: आगळ आणि आमसुलांचं युनिट काढतेय, ८ लाख हवेत. योजना बिनतारणाची. तरी बँकेने फाइल परत केली, कारण २०२१ मधलं माझं क्रेडिट कार्ड 'सेटल्ड' दिसतंय. थकले होते ४२,००० आणि १८,००० वर मिटवलं होतं. धंदा नवा, चूक जुनी. हे बरोबर आहे का?

चिपळूणकर: अजिबात नाही. लॉकडाऊनमध्ये कोणाचे हप्ते थकले नाहीत? प्रकल्प बघा, कोकमाला गिऱ्हाईक आहे का ते बघा.

निवृत्त बँकवाले, रत्नागिरी: बघायचं कशात? नव्या धंद्याचा ताळेबंद नाही, जीएसटी रिटर्न नाहीत. प्रोप्रायटरशिप असेल तर ताईंचा पॅन तोच धंद्याचा पॅन. बिनतारण कर्जामागे सीजीटीएमएसई या सरकारी हमी ट्रस्टची हमी असते, पण ती बँकेला, कर्जदाराला नाही. कर्ज बुडालं तर नुकसानीचा काही हिस्सा बँकेच्याच अंगावर राहतो. म्हणून 'सेटल्ड' शब्द टोचतो. त्याचा अर्थ इतकाच, की कार्डवाल्यांना २४,००० सोडून द्यावे लागले.

मालवणची मावशी: मुद्राला सिबिल बघतच नाहीत गो! माझ्या भाचीला शिशु कर्ज मिळालं.

निवृत्त बँकवाले, रत्नागिरी: मावशी, भाचीने आधी कधी कर्जच घेतलं नसेल. तिथे स्कोअरच्या जागी -1 येतो. रेकॉर्ड नसणं वेगळं, बिघडलेलं असणं वेगळं.

हर्णैचा: मी तर एक रुपया घेतला नाही. चुलतभावाच्या होडीच्या कर्जाला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले आणि ते माझ्या रिपोर्टात दिसतात. माझ्या बर्फाच्या गाडीचं कर्ज त्यापायी अडलंय.

चिपळूणकर: हेच म्हणतोय मी. माणूस न बघता कागद बघतात.

निवृत्त बँकवाले, रत्नागिरी: हर्णैकर, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य, पण जामीन म्हणजे देणं तुमचंही. कोकमवाली ताई, कार्डवाल्यांकडून आधी लेखी घ्या, की उरलेले भरल्यावर खातं 'क्लोज्ड' असं कळवतील. ते व्याज धरून जास्तही मागतील, तिथे घासाघीस करा. पैसे भरले की नो ड्यूज पत्र घ्या. नोंद बदलली नाही तर सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडे तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. तोवर पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी पुढच्याला दिसते.

सावंतवाडीची कोकमवाली: २४,००० भरले तर मशीनसाठी मी स्वतः घालायचे मार्जिनचे पैसे तुटतात. आणि कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, त्याआधी नोंद बदलेल का?

निवृत्त बँकवाले, रत्नागिरी: खात्री देता येत नाही. पत्र हातात आलं की ते जोडून मॅनेजरना पुन्हा भेटा, काही जण त्यावरही फाइल घेतात.

चिपळूणकर: म्हणजे पुन्हा मॅनेजरच्या मर्जीवरच.