विषय: बंड्याचं लसीकरण कार्ड अरबीत – तारखा जुळत नाहीत

मृणाल, कोथरूड, पुणे

नमस्कार मंडळी,

अभिजीत मस्कतला पोचलाय. मी, मुलं आणि बंड्या मागून येणार. बंड्या म्हणजे आमचा तीन वर्षांचा देशी कुत्रा. त्याच्या परवान्याचं काम बघणाऱ्या एजंटने इंग्रजी कागदांबरोबर लसीकरण कार्डाचा आणि औषधांच्या चिठ्ठीचा अरबी अनुवादही मागितला आहे. मी मोबाइलवर दोन्हीचे फोटो काढून इथल्या एका अनुवादकाला पाठवले आणि त्यांनी वर्डची फाइल दिली.

मला अरबी येत नाही, पण आकडे इंग्रजीच ठेवलेत, म्हणून तेवढे पडताळले. रेबीजच्या लशी बंड्याला ८ जून २०२३, ११ जून २०२४ आणि ९ जून २०२५ ला दिल्या. कार्डावर डॉक्टरांनी लिहिलंय ते वर देते, अनुवादाच्या छापील पानावर दिसतंय ते खाली:

```
08-06-23   11-06-24   09-06-25
23-06-08   24-06-11   25-06-09
```

अनुवादक म्हणतात, आमच्या फाइलमध्ये बरोबर आहे. मग नेमकं चुकतंय कुठे? बंड्याला फिट्स येतात, रोजची औषधं चालू आहेत, त्यामुळे चिठ्ठीचीही धास्ती वाटते.

मृणाल

---

सुहास, रुवी

मृणाल, काळजी करू नकोस. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. १५० हे अरबी मजकुरातही १५० च राहतं. मी तेवीस वर्षं इथे पावत्या वाचतोय. तुझ्या अनुवादकाने वर्ष आधी लिहायची पद्धत वापरली असेल, इथल्या अधिकाऱ्यांना ती कळते.

सुहासकाका

---

वैशाली, सोहार

मृणाल, आम्ही मागच्या वर्षी आमची मांजर आणली तेव्हा सगळ्यात जास्त त्रास पिंजऱ्याचा झाला. विमान कंपनीला हवं असलेलं माप आणि दुकानदार सांगतो ते माप यात फरक असतो. मांजर उभी राहून वळू शकली पाहिजे. पिंजरा आधी घे आणि बंड्याला रोज थोडा वेळ त्यात बसायची सवय लाव. अरबी कागद आमच्याकडे कुणी मागितलाच नाही, मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइनचा इंग्रजी दाखलाच चालला. तुमचा एजंट उगाच खर्च वाढवत नाही ना, तेही बघ.

वैशाली

---

आसावरी, सदाशिव पेठ, पुणे

मृणाल,

मी बरीच वर्षं अरबी आणि उर्दू मजकुराची अक्षरजुळणी करते, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा आहे. सुहासकाका म्हणतात ते सलग आकड्याबाबत बरोबर आहे. पण तारीख हा सलग आकडा नाही. ते तीन आकडे आहेत आणि मध्ये आडव्या रेघा आहेत.

कोणता भाग उजवीकडून मांडायचा आणि कोणता डावीकडून, हे संगणक युनिकोडच्या नियमांनी ठरवतो. आकड्याच्या आधी अरबी अक्षर असलं तर आडवी रेघ त्या आकड्यांना जोडून ठेवत नाही. मग तीन सुटे तुकडे अरबी वाक्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून, मांडले जातात. फाइलमध्ये आकडे बरोबर क्रमानेच टाइप झालेले असतात. अनुवादक खोटं बोलत नाहीत. तिरकी रेघ मात्र आकड्यांना एकत्र धरते, म्हणून 08/06/23 उलटत नाही.

आता तुझ्या पानावर हे बघ. तक्त्याच्या ज्या चौकटीत नुसती तारीख आहे, तिथे ती बहुधा सरळ असेल. जिथे आधी 'लसीची तारीख' असे अरबी शब्द आहेत, तिथेच उलटली असेल. त्यामुळे एकाच कागदावर दोन्ही प्रकार सापडतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की लशी वेगवेगळ्या आहेत. वर्षाचे दोनच आकडे असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. 23-06-08 हे २३ जून २००८ असंही वाचता येतं. अरबी न येणाऱ्याने ओळखायची खूण अशी: २०२४ च्या सगळ्या तारखा महिन्याच्या २४ तारखेला पडल्यासारख्या दिसतात.

काकांचं वर्ष आधी लिहायच्या पद्धतीचं म्हणणं इथे लागू होत नाही, कारण ती पद्धत असती तर पानावरच्या सगळ्याच तारखा तशा दिसल्या असत्या.

यावर उपाय म्हणजे महिना अरबी शब्दात आणि वर्ष पूर्ण लिहायला सांग. मग दिवस, महिना, वर्ष हा क्रम अरबी वाचणाऱ्यालाही नैसर्गिक वाटतो आणि उलटायला काही उरत नाही.

मायक्रोचिपचा नंबरही तपास. तो पंधरा आकडी असतो आणि वाचायला सोपा म्हणून लोक तीन-तीनचे गट करतात. मधल्या रिकाम्या जागांमुळे गटांचा क्रम उलटतो. हा नमुन्याचा नंबर आहे, वर मूळ, खाली अरबी पानावर दिसेल तसा:

```
356 000 111 222 333
333 222 111 000 356
```

विमानतळावर स्कॅनरने वाचलेला नंबर कागदाशी जुळला नाही, तर ती लस याच कुत्र्याला दिली हे दाखवायला हातात काही राहत नाही. नंबर सलग, एकही जागा न सोडता लिहायला सांग.

आता चिठ्ठी. त्यावर 1-0-1, 1-0-0 असं काही आहे का?

आसावरी

---

मृणाल

आसावरीताई, अगदी तसंच निघालं! चौकटीतल्या नुसत्या तारखा सरळ आहेत, खालच्या वाक्यांतल्या उलट्या. चिपचा नंबर सलग आहे, तो जुळला.

चिठ्ठीवर तीन ओळी आहेत. फेनोबार्बिटोन ६० मिलिग्रॅम 1-0-1, प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम 1-0-0 पाच दिवस (खाजेसाठी), आणि खाज जास्त झाली तर लावायचं मलम. अरबी पानावर पहिली ओळ 1-0-1 आणि दुसरी 0-0-1 दिसते.

---

आसावरी

पहिली ओळही उलटलेलीच आहे, पण 1-0-1 दोन्हीकडून सारखंच वाचलं जातं म्हणून कळत नाही. पहिलं औषध ठीक दिसलं की माणूस पुढच्या ओळी बघत नाही. दुसऱ्या ओळीत सकाळची गोळी रात्रीची झाली आहे. सकाळ-दुपार-रात्र असं आकड्यांनी लिहायची आपली पद्धत समोरच्या डॉक्टरला माहीत असेलच असंही नाही. त्यामुळे आकडे सरळ करून भागणार नाही. 'सकाळी एक गोळी, जेवणानंतर' असं पूर्ण वाक्यात लिहून घे.

---

डॉ. अनंत, बाणेर, पुणे

मृणाल,

मी निवृत्त पशुवैद्य. प्रेडनिसोलोनने तहान आणि लघवी वाढते. ती गोळी रात्री दिली, तर कुत्रं मध्यरात्री दारापाशी जाऊन बसतं किंवा घरात लघवी करतं. नव्या घरात तुम्ही समजाल की जागा बदलल्यामुळे बिचकलाय, आणि खरं कारण कागदावरच राहील.

पण मला मोठी अडचण फोटोची वाटते. कार्डावरच्या चकचकीत स्टिकरवर फ्लॅश पडला की बॅच नंबरमधला इंग्रजी 8 हा 'B'सारखा दिसतो. स्टिकरवर छापलेली मुदत ही बाटलीची असते. कुत्र्याला मिळणारं संरक्षण कधीपर्यंत, हे डॉक्टरांनी हाताने लिहिलेल्या पुढच्या डोसच्या तारखेवरून कळतं. फोटोवरून काम करणारे अनुवादक या दोन्ही तारखा 'वैधता' या एकाच शब्दाखाली घालतात. तुझ्या पानावर तसं झालंय का ते अरबी येणाऱ्या कुणाकडून तरी बघून घे. नऊ जूनच्या लशीची पुढची तारीख जवळ आली असेल, तर प्रवासाआधी बूस्टर द्यायचा का, तेही डॉक्टरांना विचार. मुदत उलटल्यावर दिलेला डोस अनेक देश नव्याने पहिला धरतात आणि मग निदान २१ दिवस थांबावं लागतं.

मी असतो तर फोटोवरून अनुवाद करून घेतला नसता. बंड्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं इंग्रजी पत्र घे. त्यात चिप नंबर, प्रत्येक लशीचं व्यापारी नाव आणि ती कोणत्या रोगांवर आहे ते, बॅच नंबर, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख असू दे. कार्डावर लशीचं 'ए.आर.व्ही.' किंवा 'डी.एच.पी.पी.आय.' असं आद्याक्षरी नाव एवढंच असतं. ते अनुवादकाने अंदाजाने फोडू नये, ते आम्ही पूर्ण लिहून द्यायचं असतं. व्यापारी नाव आणि बॅच नंबर अरबी पानावरही इंग्रजीतच राहू द्या, म्हणजे स्टिकरशी ताडून बघता येतात.

फेनोबार्बिटोनबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या, मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या करारात ते चौथ्या यादीत आहे. माणसाच्या सामानात सापडलं की त्याबद्दल विचारणा होऊ शकते, मग औषध कुत्र्याचं का असेना. चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव ठेवू नका. औषधाचं मूळ नाव, गोळीची मात्रा, रोज किती, बंड्याचं वजन आणि निदान हे सगळं यायला हवं. बरोबर नेणार त्या गोळ्यांचा आकडाही लिहा, आणि पाकिटं मूळ वेष्टनातच असू द्या. आणि काहीही झालं तरी ही गोळी एकदम बंद करायची नाही, फिट्स जोरात उलटतात.

अनंत

---

सुहास, रुवी

डॉक्टरसाहेब, आसावरी, मला हे माहीत नव्हतं. माझ्या पावत्यांत तारखा तिरक्या रेघेने असतात, म्हणून कधी उलटलेल्या दिसल्या नसाव्यात.

मृणाल, अरबी पान मला पाठव, आमच्या कार्यालयातला सालालाहचा मित्र वाचून दाखवेल. पण त्याला आधी इंग्रजी मूळ दाखवायचं नाही. तो अरबीवरून तारखा मोठ्याने सांगेल आणि तू फोनवर कार्ड घेऊन बस. आधी मूळ पाहिलं की डोळा तेच वाचतो.

---

मृणाल

काका, जरूर. डॉक्टरांनी पत्र उद्या देतो म्हटलंय. अनुवादक तयार आहेत, पण म्हणतात पीडीएफ केल्यावर पुन्हा बिघडलं तर ती जबाबदारी त्यांची नाही. वैशालीताई, पिंजरा आणलाय. बंड्या त्यात फक्त जेवायला जातो, झोपत नाही.

एक प्रश्न उरतोच. अनुवादकाच्या सहीशिक्क्याचं पान चालेल की तिकडच्या नोंदणीकृत कचेरीतूनच करून घ्यायचं? एजंट म्हणतो दोन्ही चालतात. मला लेखी हवंय.

---

आसावरी

मृणाल, छापील पान पुन्हा तपासल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नकोस. वर्डमध्ये एक दिसतं, ईमेलच्या मजकुरात दुसरं आणि पीडीएफमध्ये तिसरंच असू शकतं. अधिकाऱ्याच्या हातात जाणारा कागद तोच शेवटचा समज.

शिक्क्याचं परवाना देणाऱ्या कचेरीलाच ईमेलने विचार. तिकडून करून घ्यायचं ठरलं, तरी डॉक्टरांचं टाइप केलेलं पत्र आणि सकाळ-रात्रीची वाक्यं तशीच पाठव. तिथल्या अनुवादकालाही 1-0-0 वरून अंदाजच बांधावा लागेल.

---

वैशाली, सोहार

पिंजऱ्यात तुझा वापरलेला जुना टी-शर्ट घाल. आमची त्यावर पहिल्याच रात्री झोपली.