एक फणस, एक आठवडा

"आठ किलोचा कच्चा फणस आणलाय, घरात माणसं तीनच. अर्ध्याची भाजी करून उरलेला पिकवता येईल का?"

फणस जून असेल तर जमतं. काटे पसरट, विरळ झाले असतील तर तो जून समजा. कोवळी कुयरी कापली की उरलेला भाग काळा पडून कुजतो, तिची सगळी भाजीच करावी.

आम्ही नाशिकला मे महिन्यात असाच आणला होता. हाताला, सुरीला तेल लावून कापला, चीक कागदाने पुसला. पहिल्या दोन दिवसांत अर्ध्याची भाजी खोबरं घालून संपवली. दुसरा अर्धा कापडात गुंडाळून सावलीत ठेवला आणि कापलेली बाजू रोज पाहिली. चौथ्या दिवशी वास सुटला, गरे मऊ झाले. बुरशी दिसली असती, आंबूस वास आला असता, तर टाकूनच दिला असता.

गरे कापा होते, म्हणून मिक्सरमधून काढले. एक वाटी रसाला एक वाटी तांदळाचा रवा, चवीपुरता गूळ आणि मीठ. अर्धा तास भिजवून वीस मिनिटं वाफवली की सांदणं तयार. बरका असता तर रस हातानेच निघाला असता.

आठळ्या धुऊन दोन दिवस वाळवल्या. भाजताना प्रत्येकीला चीर द्याच, नाहीतर त्या फुटून अंगावर उडतात.