मदत हवी: हाताने शिवलेल्या बाळाच्या गोधडीची किंमत कशी काढावी?

सुईदोरा
मी आणि सासूबाई मिळून बाळाच्या गोधड्या शिवतो. माप साधारण 36 बाय 42 इंच. वरचं कापड तुकडे जोडून मशीनवर, पण आतला धावदोरा पूर्ण हाताचा, एका बोटाच्या अंतराने. बाजारात मशीनची रजई 450 ला मिळते, म्हणून आम्ही 700 ला विकतो. मागणी भरपूर आहे, हातात मात्र काही उरत नाही. 700 वरून 800 केले तर चालतील का?

हिशेबी_मावशी
800 चं नंतर बघू. आधी एका गोधडीचं कापड-दोऱ्याला किती जातात आणि तास किती लागतात ते लिही. तास अंदाजाने नको, पुढची गोधडी घड्याळ लावून शिव.

कापडचोपड
कापड महाग पडतंय का? होलसेलमध्ये घ्या, मीटरमागे वीस-तीस रुपये सहज सुटतात.

सुईदोरा
कापड ठीक आहे हो, प्रश्न किमतीचा आहे. मावशी, घड्याळ लावलं. वरचं-खालचं कापड 300, मधला थर 90, दोरा 40, म्हणजे 430. कापणं, जोडणं, थर अंथरून कच्चे टाके घालणं आणि कडेची पट्टी मिळून 6 तास. धावदोरा 14 तास. एकूण 20. एवढे होतील असं खरंच वाटलं नव्हतं.

रंगीत_पणती
सोपा नियम आहे, मालाचा खर्च गुणिले तीन. मी पणत्या रंगवून विकते, माझं छान चालतं.

हिशेबी_मावशी
पणतीला दहा मिनिटं लागतात म्हणून तुझं चालतं. इथे गुणिले तीन केले तर 1290 येतात. त्यातून माल वजा केला की 860 उरतात, ते 20 तासांना वाटले तर तासाला 43, आणि वरखर्च अजून बाकीच. आताच्या 700 मध्ये तर तासाला साडेतेरा रुपये पडतायत.

सुईदोरा, तासाचा दर ठरवताना स्वतःला विचार: हेच टाके बाहेरून घालून घेतले तर काय द्यावे लागतील? आमच्याकडे बायका 60 घेतात. ते धरले तर मजुरी 1200.

आता वरखर्च. प्रदर्शनातला गाळा, मशीनची दुरुस्ती, वीज, पॅकिंग असं महिन्याचं किती होतं?

सुईदोरा
सरासरी 2400. दोघी मिळून महिन्याला 160 तास तरी देतो, म्हणजे तासाला 15 ना?

हिशेबी_मावशी
त्या 160 मध्ये कापड आणायला जाणं, फोटो काढणं, व्हॉट्सॲपवर उत्तरं देणं हेही आलं. ते तास कुठल्याच गोधडीच्या नावावर लागत नाहीत. प्रत्यक्ष गोधडीवर किती जातात?

सुईदोरा
निम्मेच. 80 धरा.

हिशेबी_मावशी
मग तासाला 30, गोधडीमागे 600. माल 430, मजुरी 1200, वरखर्च 600, मिळून 2230. ही नुसती लागत झाली. नफा, न विकलेला माल, डाग पडून बाद झालेला तुकडा, सगळं यावर.

कापडचोपड
2230! गिऱ्हाईक दारातून परत जाईल. 450 ची रजई समोर लटकत असताना कोण घेणार?

सुईदोरा
मलाही तीच धास्ती आहे. एक दुकानदार ठेवायला तयार आहे, 30 टक्के घेईन म्हणतो. म्हणजे 2230 वर 30 टक्के चढवून 2900 लावू?

हिशेबी_मावशी
नको. तो 30 टक्के विक्रीच्या किमतीवर कापणार. 2900 मधले 870 गेले की तुझ्या हाती 2030, म्हणजे लागतीपेक्षा 200 कमी. 2230 ला 0.70 ने भाग, 3186 येतात, आणि त्यातही नफा नाही. तुझा नफा चढवून मग भाग.

कापडचोपड म्हणतात ते अगदीच खोटं नाही. 450 वाल्या गिऱ्हाइकाला तू विकूच शकत नाहीस. पण किंमत खाली आणायची असेल तर दर कापू नकोस, तास काप. धावदोरा दोन बोटांच्या अंतराने घातला तर ते 14 तास 8 वर येतील. लागत 1690.

जुनं_लुगडं
दोन बोटांचं अंतर रोजच्या धुण्यात टिकेल का, मला शंका आहे. मधला थर जुन्या मऊ कापडाचा असेल तर सरकून गोळा होतो. एक नमुना शिवून पाच-सहा वेळा धुऊन बघा. आणि गिऱ्हाइकाकडूनच आजीची लुगडी मागवा. मी तसंच करते. रजईशी तुलना कुणी करतच नाही, फक्त शिलाई विचारतात.

सुईदोरा
लुगड्यांचं सुचलंच नव्हतं, उद्याच ग्रुपवर टाकते. नमुनाही धुऊन बघते. एक राहिलं: धावदोरा बहुतेक सासूबाईंचा असतो. त्या म्हणतात, "मी दुपारी मालिका बघत शिवते, त्याचे कसले पैसे?"

रंगीत_पणती
मग धरू नका! घरचंच माणूस आहे.

हिशेबी_मावशी
धर. उद्या त्यांचे डोळे थकले की बाहेरच्या बाईला तासाला 60 द्यावे लागतील, तेव्हा 700 ची गोधडी एकदम 2000 च्या वर कशी नेणार?

जुनं_लुगडं
धरायचे हे पटलं. पण मालिका बघताना घातलेले टाके निवांत बसून घातल्यापेक्षा सावकाश पडतात. त्या जादा वेळाचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? माझ्या आईच्या बाबतीत मला हे अजून सुटलेलं नाही.