करार दिल्लीने केला, मग न्यायालय अधिसूचना का मागतं?

सदाफुली
सीए आर्टिकलशिप करतेय. नेस्लेच्या निकालावरून ऑफिसात दोन तट पडलेत. भारताने नेदरलँड्सला कराच्या करारात लेखी दिलं होतं की पुढे ओईसीडी या विकसित देशांच्या गटातल्या कुठल्या देशाला लाभांशासारख्या उत्पन्नावर कराचा कमी दर दिला तर तोच तुम्हालाही लागू. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणतं, अधिसूचना निघाली नाही, म्हणून दर कमी होणार नाही. सही झालेला करार देशात आपोआप का चालू नये? आणि उद्या विषय राज्यांच्या अखत्यारीतला असला तर? मला ही सरळ पळवाट वाटते.

कोरा कागद
पळवाटच आहे. घटनेचं कलम ५१ वाचा, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारातल्या बंधनांबद्दल आदर वाढवायचा असं त्यात स्पष्ट म्हटलंय. विशाखा निकालात १९९७ साली न्यायालयाने महिलांविरुद्धच्या भेदभावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले. तेव्हा संसदेचा कायदा कुठे होता? तो आला थेट २०१३ ला. म्हणजे आपण केव्हाच मॉनिस्ट, करार आपोआप देशाचा कायदा मानणारे, झालोय, मान्य करायला लाजतो एवढंच. बाईच्या हक्कासाठी कायदा लागत नाही आणि कंपनीच्या करासाठी अधिसूचना लागते, हा कुठला न्याय?

जुना वकील
कोरा कागद, विशाखाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. तिथे देशी कायदा काहीच नव्हता. मूळ आधार होता घटनेतली कलमं १४, १५, १९ आणि २१. करारातून त्या कलमांना आशय मिळाला आणि रिकामी जागा भरली. कायदा काहीच सांगत नसेल किंवा संदिग्ध असेल तर न्यायालय कराराकडे बघतं. पण कायदा एक म्हणतो आणि करार दुसरं, अशी टक्कर झाली तर आपल्याकडे कायदा जिंकतो.

यातलं मूळ उदाहरण १९८० चं, जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन. कोर्टाच्या डिक्रीने ठरलेली रक्कम भरली नाही म्हणून ऋणकोंवर अटकेचं वॉरंट निघालं. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात साफ लिहिलंय की केवळ कराराने आलेली देणी फेडता येत नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात टाकू नये, आणि भारत त्यात १९७९ साली सामील झाला होता. न्या. कृष्ण अय्यर काय म्हणाले? हा करार इथल्या न्यायालयात आपोआप लागू होत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ च चालेल. मग तेच कलम त्यांनी असं वाचलं की पैसे खरोखर नसलेला माणूस त्यात सापडू नये. फेडायची ऐपत असून लबाडी केली, तरच अटक. निकाल कराराला हवा तसाच लागला, पण वाट देशी कायद्यातून गेली.

आता सदाफुली, 'आपोआप का नाही' याचं उत्तर. आपल्याकडे करारावर सही करायला, तो संमत करायला संसदेची परवानगी लागत नाही. कलम ७३ आणि संघसूचीतली नोंद १४ मिळून ते काम मंत्रिमंडळ करतं. ही रीत इंग्लंडची, तिथे तह करणं राजाचं काम. पण राजाच्या सहीने देशाचा कायदा बदलू लागला, तर संसदेला वळसा घालून हवा तो कायदा करायची चावी राजाला मिळाली असती. म्हणून तिथल्या न्यायालयांनी ठरवलं की तह हवा तर करा, प्रजेचे हक्क किंवा कायदा बदलायचा असेल तर संसदेत या.

ज्याच्या करारावरून हा वाद आहे तो नेदरलँड्स हा मॉनिस्ट देश आहे. तिथे कराराने बांधलं जाण्याआधीच संसदेची संमती लागते आणि मग त्यातली सर्वांना बांधणारी तरतूद देशी कायद्यालाही भारी पडते. म्हणजे तपासणी दोन्हीकडे होते, त्यांची बांधलं जाण्याआधी आणि आपली त्यानंतर. आपण त्यांच्यासारखं 'आपोआप' घेतलं आणि आधीची तपासणी घेतली नाही, तर मंत्रालयातल्या चार माणसांनी कायदा केला असं होईल.

कोरा कागद
मग कच्छच्या रणाचं काय? १९६८ मध्ये लवादाने भारताच्या ताब्यातला भाग पाकिस्तानला दिला. कायदा नाही, घटनादुरुस्ती नाही, सरकारने परस्पर अंमलात आणला. आणि न्यायालयाने १९६९ ला तेही चालवून घेतलं.

जुना वकील
मगनभाई खटला. चांगलं उदाहरण काढलंत, कारण त्यातूनच रेष कुठे आहे ते कळतं. तिथे न्यायालय म्हणालं, सीमा कुठे होती याचा वाद मिटवणं म्हणजे प्रदेश देऊन टाकणं नव्हे. कुणाचा हक्क किंवा कायदा बदलत नाही, सबब मंत्रिमंडळ पुरे. उलट बेरुबारीच्या प्रकरणात १९६० साली पक्का भारताचा असलेला प्रदेश पाकिस्तानला द्यायचा होता, तिथे घटनादुरुस्तीच लागली. तेव्हा सगळ्या करारांना कायदा लागत नाही. नागरिकाच्या खिशाला किंवा हक्काला हात लागला की लागतो. कर हा खिसाच.

बारामती एक्सप्रेस
नमस्कार. मी वकील नाही, मॅनेजर आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा. पुण्यात स्विस कंपनीत नोकरी, मूळ कंपनीचे शेअर मिळतात. लाभांशावर तिथे ३५ टक्के कापतात, अर्ज केला की जादाचे परत. पूर्वी ५ टक्के ठेवून बाकी द्यायचे, २०२५ पासून १० ठेवतात. हा नेस्लेचा निकाल माझ्यावर उलटला म्हणतात. भारतात रिट टाकता येईल का?

जुना वकील
इथे रिट टाकून काय होणार, कापणारा स्वित्झर्लंड आहे. पण तुमचा धागा इथे बरोबर जुळतो. आपला निकाल आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये स्विस सरकारने जाहीर केलं की आमच्या करारातलं तसलंच कलम भारत आमच्यासारखं वाचत नाही, तेव्हा परस्परतेच्या तत्त्वाने आम्हीही १ जानेवारी २०२५ पासून कमी दर बंद करतो. आपल्या न्यायालयाने जे केलं ते आपल्या कायद्यात बरोबर असलं, तरी करारातल्या दुसऱ्या देशाला ते सांगून काही उपयोग नसतो. देशी कायद्याची सबब आंतरराष्ट्रीय पातळीवर चालत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तिथे कापलेल्या १० टक्क्यांची वजावट इथल्या करात मिळते, फॉर्म ६७ वेळेत भरलात तर. तुम्ही ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर एकूण भार फारसा बदलत नाही. उरलेल्या २५ टक्क्यांचा परतावा मात्र स्विस कर खात्याकडे तीन वर्षांच्या मुदतीत मागा, तो इथे वजावट म्हणून धरता येणार नाही.

बारामती एक्सप्रेस
धन्यवाद काका. फॉर्म ६७ चं आमच्या सीएने कधी नावच काढलं नव्हतं.

सदाफुली
काका, संसदेचं रक्षण हे पटलं. पण नेस्लेत ते लागूच पडत नाही असं मला वाटतं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ९० संसदेने आधीच करून ठेवलंय. करार करायचा केंद्र सरकारने आणि अंमलात आणायची अधिसूचना काढायची तीही केंद्र सरकारनेच. संसद यात आहे कुठे? एका हाताने सही करायची आणि दुसऱ्या हाताने अधिसूचना दाबून ठेवायची, मग न्यायालयात म्हणायचं 'अधिसूचना नाही'. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ ला हेच ओळखून १० ऐवजी ५ टक्के दर दिला होता. हे वचन ज्यात आहे त्या, कराराला जोडलेल्या प्रोटोकॉलमधली भाषाही आपोआप लागू होण्याची आहे, आणि तो प्रोटोकॉल स्वतः अधिसूचित होता.

तळकोकण
लाखातलं बोललीस. लोकशाहीच्या नावाने सांगितलेला हा पहारा प्रत्यक्षात एका अवर सचिवाच्या टेबलावर आहे.

जुना वकील
हा मुद्दा खरा जोरदार आहे, मी उडवून लावणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर असं की मूळ करार अधिसूचित झाला तेव्हा त्यात लिहिलेला दर कायदा झाला. तो दर नंतर बदलायचा, तर बदलाचीही अधिसूचना हवी. सरकारची वहिवाट हीच होती, याच नेदरलँड्सच्या करारात १९९९ साली दर खाली आणताना वेगळी अधिसूचना निघाली होती. नाहीतर स्लोव्हेनिया, लिथुआनिया, कोलंबिया यांच्याशी वेगवेगळ्या वेळी झालेले कमी दराचे करार आणि त्यांच्या ओईसीडीत येण्याच्या तारखा जुळवत कुठल्या दिवशी कुठला दर होता हे प्रत्येक कर अधिकाऱ्याने शोधत बसायचं. शिवाय करार केला तेव्हा तो तिसरा देश ओईसीडीत असायला हवा होता, हाही निकालाचा वेगळा पाया आहे. हे तिघे तेव्हा नव्हते. त्यामुळे अधिसूचनेचा मुद्दा उडाला तरी नेस्ले हरलीच असती.

पण कलम ९० मध्ये संसद एकदाच बोलते आणि मग गप्प बसते, हे मान्य. उपाय मात्र 'आपोआप लागू' हा नाही. करार पक्का होण्याआधी तो संसदीय समितीसमोर नेणं हा आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ पासून तशी समिती आहे आणि तोही आपल्यासारखाच कॉमन लॉचा संघराज्य देश आहे.

तळकोकण
आणि राज्यं? कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. कलम २५३ म्हणतं, कुठलाही करार अंमलात आणायला संसद संपूर्ण देशासाठी कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरी. १९३५ च्या कायद्यात असं करायला राज्यपालाची किंवा संस्थानिकाची पूर्वसंमती लागायची, घटनाकारांनी ती काढून टाकली. म्हणजे संमती न घेता परदेशात सही करायची आणि त्या सहीच्या जोरावर राज्याचा विषय खेचायचा. कॅनडात असं चालत नाही. तिथल्या केंद्र सरकारने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, किमान वेतन यांचे कायदे कामगार करारांच्या आधारे केले, ते १९३७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने रद्द केले. सही ओटावाची, पण कायदा प्रांतांचा.

कोरा कागद
मग कॅनडाला कुठलाही करार करताना दहा प्रांतांच्या दारात उभं राहावं लागतं. आपल्याला ते हवंय? पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा बघा. पाणी राज्यांचं म्हणून कलम २५२ खाली राज्यांचे ठराव घेऊन तो केला आणि राज्यं एकेक करून सामील होत बसली. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, केंद्राचा नंतर स्वीकारला. हवेच्या १९८१ च्या कायद्याला मात्र स्टॉकहोम परिषदेचा आधार देऊन २५३ लावलं आणि एका फटक्यात देशभर कायदा झाला. प्रदूषण राज्याच्या हद्दीवर थांबत नाही.

तळकोकण
परिषदेतल्या निर्णयावर, लक्षात घ्या, करारावरही नाही. २५३ मध्ये 'परिषदेत घेतलेला निर्णय'ही आहे. उद्या शेतीबद्दल एखाद्या परिषदेत काही ठरलं तर शेतीचा कायदा दिल्लीत होणार.

जुना वकील
कायदेशीरदृष्ट्या होऊ शकतो, मूलभूत हक्कांच्या मर्यादेत. व्यवहारात काय होतं ते २०११ मध्ये तिस्ता नदीच्या बाबतीत दिसलं. बांगलादेशाबरोबर पाणीवाटपाचा करार तयार होता, पंतप्रधान ढाक्याला निघाले होते. कागदोपत्री केंद्राला राज्याची परवानगी लागत नव्हती. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री, ज्यांचा पक्ष केंद्रातल्या आघाडीत होता, आडव्या आल्या आणि सही झाली नाही.

तळकोकण
म्हणजे आघाडीत वजन असलेल्या राज्याला नकाराधिकार आणि बाकीच्यांना कलम २५३. यापेक्षा कॅनडा बरा.

सदाफुली
ऑफिसात हे सगळं दाखवते. एकच शंका उरलीय. स्लोव्हेनियाचा कमी दर नको असेल तर सरकारने नेदरलँड्सशी बोलून ते कलमच बदलून घ्यायला हवं होतं ना? ते न करता अधिसूचना न काढणं, हा करार मोडणं झालं की नाही?

जुना वकील
डच सरकारने २०१२ मध्येच आपल्याकडून दर कमी झाला असं जाहीर केलं होतं. भारताचं म्हणणं की ते त्यांचं एकतर्फी वाचन आहे. करार मोडला की नाही हे इथलं न्यायालय ठरवत नाही, दोन सरकारं ठरवतात. माझं मत विचारलंस तर कलम बदलून घ्यायलाच हवं होतं.